नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं?

"पत्नीने पतीचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे शास्त्रात लिहिलंय. म्हणून आपल्या आज्या 'अहो' म्हणायच्या. पुरुषांना असा नियम नव्हता, कारण घराचं सौभाग्य स्त्रीच्या हाती असतं. ही प्रथा जगात फक्त आपल्याकडे आहे. त्यात कुणाचं काही नुकसान नव्हतं, उलट संसार टिकत. आता मुली नवऱ्याला नावाने हाक मारतात आणि घटस्फोट वाढलेत."

पुढे पाठवल्या जाणाऱ्या या मजकुरात जे खरं आहे ते आधी मान्य करतो. स्कंदपुराणात पतिव्रतेचे नियम सांगताना, पतीचं आयुष्य वाढावं म्हणून पत्नी त्याचं नाव घेत नाही, असं आलं आहे. तेव्हा 'शास्त्रात कुठेच नाही' असं म्हणणारे घाई करतात. पण तिथेच असंही आहे, की ती दुसऱ्या कुठल्या पुरुषाचंही नाव घेत नाही. हा अर्धा भाग पुढे पाठवताना गळून पडतो, कारण तो पाळायचा म्हटलं तर दूधवाल्यापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना 'ते' म्हणावं लागेल.

बरं, आयुष्य हेच कारण असेल तर नवरा गेल्यावर बंदी उठायला हवी होती. तसं कुठे झालं? माझ्या आजीनं आजोबांनंतर वीस वर्षं काढली, पण तोंडी शेवटपर्यंत 'आमचे हे'च. शिवाय तिला सासऱ्यांचं, सासूचं आणि थोरल्या दिराचंही नाव घ्यायचं नव्हतं. धाकट्या दिराचं मात्र चालायचं, पुढे 'भावोजी' लावलं की झालं. म्हणजे रेघ आयुष्याच्या हिशेबानं ओढलेली नाही, मानाच्या पायरीनं ओढलेली आहे. वरच्याचं नाव खालच्यानं घ्यायचं नाही, आणि नवी सून सगळ्यांत खालच्या पायरीवर, म्हणून तिच्या वाट्याला सगळ्यांत जास्त नावं.

पुरुष मोकळे होते म्हणावं, तर एक जुनं सुभाषित आडवं येतं:

आत्मनाम गुरोर्नाम नामातिकृपणस्य च ।
श्रेयस्कामो न गृह्णीयात् ज्येष्ठापत्यकलत्रयोः ॥

भलं व्हावं असं वाटणाऱ्यानं स्वतःचं, गुरूचं, अति कंजुषाचं, थोरल्या अपत्याचं आणि पत्नीचं नाव घेऊ नये. हे सांगणं उघडच पुरुषाला आहे. (सकाळी सकाळी चिक्कू माणसाचं नाव घेतलं तर दिवसभर जेवण मिळत नाही, असं आमच्याकडे म्हणतात, ते याच घराण्यातलं.) व्यवहारातही आईवडिलांसमोर बायकोला नावानं हाक मारणारा मुलगा निर्लज्ज ठरायचा. म्हणून 'अगं ए', 'ऐकलंस का', 'आमची मंडळी', 'आमचं कुटुंब'. एक मूल झालं की दोघांचीही सुटका व्हायची. तो बाळूचा बाबा, ती बाळूची आई.

पण ओझं सारखं नव्हतं. एक घर मनात धरा. सासरे सोमनाथ, सासू साखरबाई, नवरा तुकाराम. इथे आलेल्या सुनेला तीन नावं टाळायची आहेत, पण गोष्ट तीन नावांवर थांबत नाही, कारण ती नावं वाणसामानात, पंचांगात आणि देवघरात पसरलेली आहेत. सोमवार तिला 'महादेवाचा वार' म्हणावा लागतो. दुकानात 'पावशेर गोड द्या' म्हणावं लागतं, आणि दुकानदार गूळ बांधू लागला की 'ते नव्हे, पांढरं' अशी पुस्ती जोडावी लागते. संध्याकाळच्या भजनात ती दोन कडवी मोकळेपणी म्हणते आणि 'तुका म्हणे' आलं की ओठ मिटते. बाकीच्या बायका पुढे नेतात, ती पुढच्या शब्दावर पुन्हा सुरात मिसळते. कुणाला खटकत नाही, कारण प्रत्येकीची गप्प बसायची जागा वेगळी.

पुढे सासरे वारतात आणि नातू झाला की आजोबांचंच नाव ठेवतात. आता आईला पोटच्या पोराला हाक मारता येत नाही. मग तो पाळण्यातच 'आबा' किंवा 'बापू' होतो. जुन्या मराठी घरांत लंगोटीतलं पोर 'तात्या' कसं, याचं एक उत्तर इथे आहे.

उखाणा ही या बंदीतली फट मानली जाते. मला तसं वाटत नाही. लग्नातला घास, मंगळागौर, हळदीकुंकू, डोहाळजेवण, नाहीतर नणंदेनं दार अडवलेलं, अशा ठरलेल्या वेळी, कुणीतरी आग्रह केल्यावर आणि यमकात गुंडाळून नाव घ्यायचं. एरवी ते तोंडी नसतं, म्हणूनच 'नाव घे, नाव घे' या गलक्याला मजा.

आयुष्याची भीती भाषेत शोधायचीच तर ती वस्तूंच्या शब्दांत बघावी. 'बांगड्या फोडणं' वैधव्याशी जोडलेलं, म्हणून भांडी घासताना बांगडी तडकली तरी ती फुटत नाही, 'वाढते'. मंगळसूत्र तुटलं तरी 'वाढलं'. नवीन माणसाला वाटावं, घरात सोनं आलं. नारळही वाढवायचा, दुकानही वाढवायचं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. निघताना 'जातो' नाही, 'येतो'. हे नियम मात्र घरातल्या सगळ्यांना सारखे. इथे खरंच अशुभाला भ्यायचं आहे, माणसाच्या मानपानाचा संबंध नाही.

जगाचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा लोकांत 'ह्लोनिफा' नावाची रीत आहे. सुनेनं सासऱ्याच्या नावातलं अक्षरसुद्धा दुसऱ्या शब्दात उच्चारायचं नाही. ज्या ज्या शब्दात ते येईल तो शब्द बदलायचा. आपल्या सुनेला 'सोमवार' नको, तिथल्या सुनेला 'सो' असलेलं काहीच नको. या भाषांत जिभेचे टक्-टक् आवाज शेजारच्या खोइसान भाषांतून आले, आणि ते रुजायला सुनांची ही शब्दबदली कारण झाली असावी, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधल्या जिरबल लोकांत तर सासूच्या कानावर पडेल अशा अंतरावर एक वेगळीच बोली बोलायची असे. व्याकरण तेच, उच्चार तेच, शब्द मात्र जवळजवळ सगळे निराळे. आणि तिथे ही कसरत जावयालाही करावी लागे. आपल्याकडे जावयाला सासूचं नाव टाळायला 'मामी' एवढं पुरतं.

घटस्फोटाबद्दल फार लिहीत नाही. मराठीत 'टाकलेली' हा शब्द आजचा नाही. त्या बायका नवऱ्याला 'अहो'च म्हणत होत्या.

आणि नुकसान. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत होत्या, तेव्हा मुख्यत्वे उत्तर भारतातल्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयोगानं अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या.