हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिन पाहावे

"हिमोग्लोबिन 13 आहे, मग रात्री आडवे होताच पाय हलवावेसे का वाटतात?"

पाय हलवावेसे वाटण्याच्या या विकाराला रेस्टलेस लेग्स सिंड्रोम म्हणतात आणि त्यामागे लोहाची कमतरता असू शकते. हिमोग्लोबिन चांगले असूनही शरीरातील लोहाचा साठा रोडावलेला असू शकतो आणि तो फेरिटिनच्या तपासणीतून कळतो. प्रयोगशाळेच्या अहवालात 30 हा आकडा बहुधा 'सामान्य' म्हणून छापलेला असतो, परंतु या विकारात फेरिटिन 75 किंवा त्याहून कमी असल्यास डॉक्टर लोहाच्या गोळ्यांचा विचार करतात. ताप किंवा सूज असताना फेरिटिन फसवे वाढते, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के लोहाने भरले आहे, हेही पाहावे. ते 20 टक्क्यांखाली असणे हा कमतरतेचाच संकेत होय. गोळी चहा-कॉफीसोबत घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही (ही चूक फार सर्रास होते). गुण यायला काही आठवडे लागतात, आणि साधारण तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी; मनाने गोळ्या सुरू करू नयेत, कारण जादा लोहही घातक असते आणि साठा का घटला हेही शोधावे लागते.

दरम्यान संध्याकाळनंतर कॉफी व मद्य टाळणे, झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणणे किंवा चोळणे यांनी काहींना आराम पडतो. सर्दीवरील झोप आणणाऱ्या काही गोळ्या मात्र हा त्रास वाढवू शकतात.