"सवय होईल" या वाक्याला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. ऑटिस्टिक माणसाला भेटताना हात पुढे करू नका, पाठीवर थाप नको, वाक्प्रचार नकोत. मग उरलं काय? लांबून बघायचं? आमच्या शेजारचा मुलगा ऑटिस्टिक आहे, तो स्वतः येऊन मिठी मारतो. आणि एवढं जपलंत तर त्यांना जगाची सवय कशी होणार? हल्ली सगळ्यांना नाजूक व्हायची हौस आलीय. राग मानू नका, पण तुमचा सूर फार शिकवणीचा आहे."

सुराचं आधी बोलू. "नाजूक व्हायची हौस" असं लिहून खालच्याच ओळीत दुसऱ्याच्या सुराबद्दल तक्रार करायची, याचं मला हसू आलं. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, आता 31 वर्षांचा. त्याला भेटायला येणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे. तीच चूक आणि त्यावरचं तेच समर्थन इतकी वर्षं ऐकल्यावर आवाजात थोडी मास्तरीण येते. येऊ दे.

एक मात्र कबूल. मूळ लेखात मी "स्पर्श करू नका" असं सरसकट लिहिलं होतं. तिथे "अचानक" हा शब्द हवा होता, आता घातला आहे. बाकी मजकूर तसाच ठेवते.

आता "सवय कशी होणार". तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य मला झोपू देईना, कारण ते आमच्या घरात वर्षानुवर्षं बोललं गेलं आहे. भाऊ आठ वर्षांचा असताना एक नातेवाईक आले की मागून जाऊन त्याच्या मानेवर टपली मारायचे. प्रेमानंच. तो किंचाळायचा, तेव्हा ते म्हणायचे, "होईल सवय." वर्षभरात तो किंचाळायचा थांबला आणि सगळ्यांना वाटलं, झाली सवय! प्रत्यक्षात त्यांचा आवाज ऐकू आला की तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, खांदे कानापर्यंत वर, आणि पाहुणे जाईपर्यंत हलायचा नाही. रात्री त्याचं बोलणं बंद व्हायचं. टपली मारणाऱ्याला दारातली पाच मिनिटं दिसत होती, रात्र आम्ही बघायचो.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या पुस्तकात 2013 पासून आवाज, स्पर्श, उजेड यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांमध्येच धरलं आहे. ज्या ऑटिस्टिक मुलांना संवेदनांचा त्रास जास्त होतो, त्यांचा मेंदू तोच त्रास पुन्हापुन्हा झाला तरी इतर मुलांच्या मेंदूसारखा निवत नाही, असं मेंदूच्या एमआरआय अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे तुम्ही ज्या यंत्रणेच्या भरवशावर "सवय होईल" म्हणता, नेमकी तीच तिथे नीट चालत नाही. होते ती सवय लपवण्याची.

तुमच्या शेजारच्या मुलाचं उत्तरही यातच आहे. मिठी तो मारतो, म्हणजे कधी, किती घट्ट, कोणत्या बाजूनं आणि केव्हा सोडायचं, हे सगळं त्याच्या हातात आहे. स्पर्श कधी येणार हे ठाऊक असलं की शरीर त्याची तयारी करून ठेवतं, मागून आलेल्या हाताची ती करता येत नाही. शिवाय अनेकांना घट्ट दाब सुखाचा वाटतो आणि पुसटसा, निसटता स्पर्श असह्य होतो. आपण जिव्हाळ्यानं खांद्यावर अलगद हात ठेवतो तो दुसऱ्या जातीतला. तेव्हा त्याची मिठी म्हणजे त्यानं तुम्हाला काढून दिलेला कायमचा परवाना नव्हे. उद्या तुम्ही त्याला मागून मिठी मारून बघा. नको, बघू नका. तुम्ही खरंच बघाल अशी भीती वाटते.

"मग उरलं काय?" भावाचा एक सहकारी पहिल्यांदा घरी आला तो प्रसंग सांगते. आदल्या दिवशी त्यानं मेसेज केला: उद्या पाच वाजता येतो, एकटाच असेन, तुझी प्रिंटर जोडलेली खोली बघायची आहे, सहाला निघेन. दारात तो दोन हात अंतरावर, जरा तिरका उभा राहिला, म्हणजे समोरासमोर डोळ्यात बघणं दोघांनाही भाग नव्हतं. हात खाली. आधी भावाचं नाव घेतलं, मग म्हणाला, "मी आलो. पाच वाजलेत." प्रश्न नाही, त्यामुळे उत्तराची सक्तीही नाही. भाऊ गप्प. आणि तोही गप्प राहिला! मी मनात मोजत होते, आठपर्यंत पोचले. इथेच बहुतेक माणसं घसरतात. त्यांना शांतता सोसत नाही, म्हणून तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा टाकतात आणि ऐकणाऱ्याला अर्थ लावायचं काम पहिल्यापासून करावं लागतं. नवव्या सेकंदाला भाऊ म्हणाला, "खोली डावीकडे आहे." झालं स्वागत. निघताना त्यानं विचारलं, "हात मिळवायचा, की नुसतं बाय?" भाऊ म्हणाला, "बाय." आणि तो "बाय" म्हणून गेला. चेहरा पडला नाही, "बरं बाबा, राहिलं" असं पुटपुटणं नाही. विचारून झाल्यावर नकाराचा रुसवा धरायचा असेल, तर ते विचारणं नव्हेच.

वाक्प्रचारांवर तुम्ही "नकोत" एवढंच लिहून नाक मुरडलंत. भावाला एका बाईंनी दारातच विचारलं होतं, "काय रे, वाट चुकलास की काय इकडे?" तो म्हणाला, "नाही, मी इथेच राहतो." त्या हसल्या, त्याला कळेना कोण चुकलं. "काय म्हणतोस?" वर तो आजही म्हणतो, "अजून काहीच म्हणालो नाही." आणि "येतो" म्हणून निघून जाणाऱ्या माणसाची तो लहानपणी खिडकीत वाट बघत बसायचा, कारण येतो म्हणाला होता. "मी जातोय, परत रविवारी येईन" असं म्हणायला किती कष्ट पडतात?

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं 2012 साली मांडलं की समजुतीची ही दरी दोन्ही बाजूंनी असते. त्यांना आपलं कळत नाही, तसं आपल्यालाही त्यांचं कळत नाही. पण तिच्यावरून पूल बांधायचं काम त्यांच्या एकट्याच्या गळ्यात टाकलं जातं. तुमचं "सवय" तेच आहे.

सगळ्यांना एक माप लावता येत नाही, हे खरं. काहींना गप्पाही चालतात, हातही चालतो. म्हणून तर विचारायचं. बाकी मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यांत काही नाही.

आणि "राग मानू नका" म्हणालात. मानला आहे.