‘जायचो, करायचो’ला ‘यूज्ड टू’ लावलं की झालं?

«मराठीत ‘जायचो, करायचो’ आलं की इंग्रजीत ‘यूज्ड टू’ लावा. ‘वुड’चा अर्थही तोच, दोन्हींपैकी काहीही वापरा. आणि ‘सवय आहे’ म्हणायचं असेल तर ‘यूज्ड टू’च्या आधी फक्त ‘अ‍ॅम’ टाका, बाकी वाक्य तसंच राहतं.»

असा सल्ला नेहमी ऐकू येतो. त्यातल्या शेवटच्या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून आधी तेच घेऊ.

रात्रपाळीच्या नोकरीची मुलाखत चालली आहे असं समजा. रात्री काम जमेल का, असं विचारल्यावर उमेदवार म्हणतो, ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट.’ त्याला सांगायचंय की मला रात्री काम करायची सवय आहे. समोरच्याला ऐकू येतं की पूर्वी करायचो, आता करत नाही. उत्तर जवळजवळ उलटं पोचलं.

मग तो सांगितल्याप्रमाणे ‘अ‍ॅम’ टाकून ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणतो. तेही चूकच. ‘अ‍ॅम’ आला की ‘यूज्ड’ हे ‘सरावलेला’ अशा अर्थाचं विशेषण होतं आणि त्याच्यापुढचा ‘टू’ नामाला जोडला जातो. म्हणून ‘आय अ‍ॅम यूज्ड टू नॉइज’, आणि क्रियापद असेल तर त्याचं ‘-इंग’ रूप: ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट.’ शंका आली तर ‘टू’च्या पुढे नुसतं ‘इट’ ठेवून बघा. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू इट’ हे पूर्ण वाक्य आहे, तेव्हा इथे ‘-इंग’ लागणार. ‘आय यूज्ड टू इट’ अर्धवट लटकतं, तेव्हा तिथे मूळ रूप.

यावर कुणीतरी हमखास ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड’ हे वाक्य पुढे करतं. वाक्य बरोबर आहे, पण ते ‘वापरणे’ या क्रियापदाचं कर्मणी रूप आहे: ही सुरी पाव कापायला वापरतात. उच्चारातही फरक कळतो. सुरीच्या वाक्यात ‘यूझ्ड’ असा घोषयुक्त आवाज येतो, सवयीच्या दोन्ही रचनांत ‘यूस्टू’ असं जोडून म्हणतात.

आता ‘वुड’. आजोळच्या सुट्टीवरच्या निबंधात हा घोटाळा नेहमी दिसतो:

‘वी वुड गो टू देवरुख एव्हरी समर. माय ग्रँडफादर वुड हॅव अ बिग हाउस. ही वुड वेक अस अर्ली.’

तिसरं वाक्य उत्तम आहे. उठवणं ही पुन्हा पुन्हा घडणारी कृती आहे. दुसरं चुकलं, कारण घर असणं ही कृती नाही, स्थिती आहे. असणं, राहणं, माहीत असणं, आवडणं यांना भूतकाळाच्या अर्थाने ‘वुड’ चालत नाही. तिथे ‘यूज्ड टू हॅव’ किंवा साधं ‘हॅड’ हवं. पहिल्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण काळ ठरलेला नसताना एकदम ‘वुड’ आलं की वाचणाऱ्याला ते ‘गेलो असतो’ असंही वाटतं. ते ‘वी यूज्ड टू गो’ करा. एकदा काळ बसला की पुढच्या कृतींना ‘वुड’ शोभून दिसतं. चांगल्या इंग्रजी आठवणींत हाच क्रम सापडतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

राहिलं पहिलं विधान. ते बऱ्याचदा चालतं, म्हणूनच फसवतं. ‘इथे एक चिंच होती’ या वाक्यात ‘-यचो’ कुठेच नाही, तरी आता ती चिंच नसेल तर इंग्रजीत ‘देअर यूज्ड टू बी अ टॅमरिंड ट्री हिअर’ हेच नेमकं. उलट ‘कॉलेजात असताना मी तीन वर्षं नाशिकला राहायचो’ यात ‘-यचो’ असून ‘यूज्ड टू’ बसत नाही. किती काळ किंवा किती वेळा हे मोजून सांगितलं की साधा भूतकाळ येतो: ‘आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर थ्री इयर्स.’

‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळ नाही, हेही त्या सूत्रातून निसटतं. शाळेत ‘यूज्ड टू म्हणजे सवय’ असं पाठ झालेलं असतं, म्हणून आजही पोहायला जाणाऱ्या मुलीबद्दल पालक ‘शी यूज्ड टू स्विम एव्हरी इव्हिनिंग’ म्हणतात, आणि ऐकणारा विचारतो, का सोडलं? तिथे ‘शी स्विम्स एव्हरी इव्हिनिंग’ एवढंच म्हणायचं असतं.