तळलेलं पनीर भिजवूनही चिवट का राहतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तुम्ही सांगता म्हणून २०० ग्रॅम पनीर छान लालसर होईपर्यंत तळलं, पाण्यात टाकलं, पंधरा मिनिटांनी काढून ग्रेव्हीत दहा मिनिटं शिजवलं. ताटात आलं तेव्हा नुसतं रबर. वर चव पाण्यात गेली ती वेगळीच. मुळात तळून कडक करायचं आणि मग भिजवून मऊ करायचं, हा उलटा कारभार कशासाठी? न तळता थेट ग्रेव्हीत टाकलं तर पनीर मऊच राहतं. तळणं हे फक्त दिसायला.»

उत्तर:

पनीर चिवट झालं ते कढईत. लालसर रंग येईपर्यंत ते तेलात राहिलं, तिथेच निकाल लागला होता. पुढची पंधरा मिनिटं पाण्यात ठेवून त्यात फारसा फरक पडणार नव्हता. भिजवल्याने पनीर मऊ ‘होतं’ असं मी म्हणत नाही. भिजवल्याने सुकलेली पातळ साल पुन्हा ओली होते, एवढाच त्याचा आवाका आहे. आतला गाभा मुळात मऊ राहिलेला असेल तरच त्या ओल्या सालीचा उपयोग.

असं का होतं ते सांगतो. दूध चांगलं तापवून त्यात आंबट घातलं की पनीर बनतं. आंबटामुळे दुधातल्या प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम सुटून निवळीत जातं आणि प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटून जाळी तयार करतात. त्या जाळीत पाणी आणि स्निग्धांश अडकलेले असतात. पिझ्झ्यावरचं चीज तापलं की ओघळतं, पनीर ओघळत नाही, ते याच जाळीमुळे. पण पाघळत नाही म्हणजे उष्णतेचा परिणाम होत नाही असं नाही. जाळी आवळत जाते आणि ओला टॉवेल पिळावा तसं आतलं पाणी बाहेर पडतं. बाहेर पडलेलं पाणी तेलात वाफ होऊन उडून जातं. एकदा आवळलेली जाळी पुरती सैल होत नाही, म्हणून गाभ्यातून गेलेलं पाणी भिजवून परत आणता येत नाही. साल मात्र एखादा मिलिमीटर जाडीची असते. ती चटकन सुकते तशी चटकन पाणीही पिते.

आता थोडा हिशोब. २ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा घ्या. भरपूर तेलात सोडला तर तो सहाही बाजूंनी सुकतो. सालीची जाडी १ मिलिमीटर धरली तरी तुकड्याचा साधारण २७ टक्के भाग साल होऊन बसतो. तोच तुकडा थोड्या तेलात वरून आणि खालून असा दोनच बाजूंनी परतला, तर साल होते फक्त १० टक्के. आणि तुकडा १ सेंटिमीटरचा असेल तर? तेलात बुडवून तळल्यावर त्याचा जवळजवळ निम्मा भाग सालच होतो. तुम्ही तुकडे केवढे कापले होते ते लिहिलेलं नाही, पण घरी सवयीने कापले जातात तसे लहान असतील, तर लालसर होईपर्यंत त्यांच्यात गाभा म्हणण्यासारखं काही उरलंच नसणार.

म्हणून ‘हलकं तळणं’ म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. २०० ग्रॅम पनीराचे २ सेंटिमीटरचे साधारण २२ ते २४ तुकडे होतात. ते आधी फडक्याने हलके टिपून घ्यायचे. पसरट तव्यात दोन चहाचे चमचे तेल, आच मध्यम. तेल तापलं की तुकडे एकमेकांना न चिकटता मांडायचे आणि मग उलथनं खाली ठेवायचं. हलवत बसलात तर साल धरत नाही आणि कोपरे तुटतात. साधारण पाऊण ते एक मिनिटात तुकडा आपणहून तव्यापासून सुटतो. तो पालटायचा, दुसरी बाजू तेवढीच, आणि उतरवायचं. कडा फिकट सोनेरी, मधला भाग जवळजवळ पांढराच, असं दिसलं पाहिजे. बाकीच्या चार बाजू पांढऱ्या राहिल्या म्हणून जीव वरखाली करायचा नाही, त्या ग्रेव्हीत दिसत नाहीत.

रंगापेक्षाही खात्रीची खूण कानाला कळते. पनीर तेलात पडल्यावर जो चरचर आवाज येतो तो पाणी उडाल्याचा. सुरुवातीला तो मोठा असतो, कारण पृष्ठभाग ओला असतो. आवाज उतरायला लागला की समजायचं, वरचं पाणी संपलं आणि आता आतल्या पाण्याची पाळी आहे. त्या क्षणी तुकडे बाहेर हवेत. तुम्ही लालसर रंगाची वाट पाहत थांबलात तेव्हा तवा बहुधा बराच शांत झाला असेल. उतरवलेला एक तुकडा बोटांत दाबून पाहा. दाब खाऊन सावकाश वर आला तर ठीक. लगेच उसळून वर आला आणि दाताखाली करकरला, तर पाण्यात कितीही वेळ ठेवा, काही उपयोग नाही. भरपूर तेलात सोडायचेच असतील तर अर्ध्या मिनिटाच्या आत झाऱ्याने काढा. मला तो प्रकार फारसा पटत नाही, एकाच घाण्यात पहिला आणि शेवटचा तुकडा वेगळे होतात.

आता पाणी. तुम्ही नुसतं ‘पाण्यात’ असं लिहिलंय, म्हणून विचारतो, नळाचं थंड पाणी होतं का? दुधातला स्निग्धांश साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे पूर्ण पातळ होतो. थंड पाण्यात तुकडा पडला की तो आतल्या आत घट्ट होतो आणि पनीर आहे त्याहून कडक लागतं. उलट खळखळतं पाणी घेतलं तर तुकडे एकमेकांवर आपटून झिजतात, आणि शिजवणं पुन्हा सुरू होतं ते वेगळंच. त्यामुळे पाव लिटर उकळतं पाणी आणि पाव लिटर साधं पाणी एकत्र करा. हे मिश्रण ६० अंशांच्या आसपास येतं, बोट बुडवलं तर लगेच काढावंसं वाटेल इतपत. त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ. तव्यावरचे तुकडे थेट या पाण्यात टाकून वर झाकण ठेवायचं, १० ते १५ मिनिटं. पाणी हळूहळू कोमट होत जातं, ते तसंच होऊ द्यायचं. नंतर चाळणीत निथळायचे. हाताने पिळू नका. ज्या पाण्यासाठी हा खटाटोप केला तेच पिळून टाकण्यात अर्थ नाही. यापेक्षा जास्त वेळ ठेवून काही मिळत नाही, तासभर ठेवले तर कोपरे भुसभुशीत होऊन सुटतात.

चवीबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, पण ती मीठ न घातलेल्या पाण्याबद्दल. साध्या पाण्यात पनीरातला थोडा गोडवा आणि क्षार उतरतात आणि बदल्यात पनीराला काही मिळत नाही. खाऱ्या पाण्यात उलट मीठ आत शिरतं. नाहीतर ग्रेव्ही कितीही चविष्ट असली तरी तुकड्याचा मध्य अळणी लागतो, कारण दोन-तीन मिनिटांत मसाला तिथवर पोचत नाही. शिवाय हे पाणी फेकायचं कशाला? ग्रेव्ही सैल करायला तेच वापरा. एक कप पाण्याबरोबर जवळपास दोन ग्रॅम मीठ जातं, तेवढं ग्रेव्हीतलं कमी करा. वर तेलाचे थेंब तरंगत असतील तर ते आधी चमच्याने काढून घ्या.

तुमच्या वर्णनातली ग्रेव्हीतली दहा मिनिटंही मला खटकली. पनीर आधीच शिजलेला पदार्थ आहे, ग्रेव्हीत त्याला शिजायचं नसतं, फक्त गरम व्हायचं असतं. ग्रेव्ही आधी पूर्ण करा. कांदा-टोमॅटो शिजून तेल सुटू द्या, लागेल तेवढं पाणी घालून एक उकळी काढा, मीठ-तिखट चाखा. मग आच मंद करून निथळलेले तुकडे घाला, एकदाच हलक्या हाताने खालीवर करा, दोन-तीन मिनिटं झाकण आणि गॅस बंद. घट्ट ग्रेव्ही रटरटत राहिली तर तळाचे तुकडे पातेल्याला टेकून भाजल्यासारखे होतात, आणि तव्यावर वाचवलेलं पाणी इथे जातं.

राहिला तुमचा मुख्य मुद्दा, की तळायचंच कशाला. पनीर ताजं, ओलसर, घरी केलेलं असेल आणि पातेलं उतरवल्या उतरवल्या वाढायचं असेल, तर मीही तळत नाही. नुसतं कोमट खाऱ्या पाण्यात ठेवतो आणि ग्रेव्हीत सोडतो. पातळ, दुधाळ, सौम्य ग्रेव्हीत तर तळलेली साल मध्येच आल्यासारखी वाटते. पण दाट मसाल्याच्या ग्रेव्हीत, जिथे चमचा पुन्हा पुन्हा फिरतो, तिथे न तळलेल्या तुकड्याचे कोपरे गळतात आणि ग्रेव्ही रवाळ होते. त्या पातळ सालीचं काम तुकडा अखंड ठेवण्याचं आहे. शिवाय परतल्यावर पनीराला जी किंचित खरपूस चव येते ती ग्रेव्हीत उकळून कधीच येत नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. तेव्हा ‘फक्त दिसायला’ हे मला मान्य नाही. दिसण्यासाठीच तळायचं म्हटलं तर तुमचा लालसर रंग माझ्या फिकट सोनेरीपेक्षा उजवाच ठरेल!

एक शंका मात्र राहतेच, ती पनीराबद्दल. कमी स्निग्धांशाच्या दुधाचं पनीर असेल तर जाळीत मऊपणा देणारं फारसं काही नसतंच. असं पनीर तळूच नका, कोमट पाण्यात ठेवा आणि शेवटी घाला, तरी ते थोडं दाट लागेलच. फ्रीझरमधलं असेल तर बर्फाच्या स्फटिकांनी जाळी आधीच फाटलेली असते. ते चिवट न होता भुगा होतं, म्हणून ते आधी पूर्ण सुटू द्यायचं, कोमट पाण्यात भिजवायचं, टिपायचं आणि मग जेमतेम परतायचं, क्रम उलटा.

पुढच्या वेळी सगळे तुकडे एकदम करू नका. चार तुकडे न तळता, चार फिकट सोनेरी, चार तुमच्या पद्धतीने लालसर करा. प्रत्येक गट कच्चा असताना, परतल्यावर आणि भिजवून निथळल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. लालसर गटाचं वजन परतल्यावर सगळ्यात जास्त उतरेल. भिजवल्यावर ते कितपत भरून येतं ते बघा, आणि आकडे इथे लिहा. तुकड्यांचं माप आणि पनीर घरचं की विकतचं हेही सांगा, म्हणजे नेमकं कुठे पाणी गेलं ते शोधता येईल.