‘नाही’ नेहमी सत्तराव्या चिन्हानंतरच ठेवावे

मुंबईतल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसपद आपल्या गळ्यात नुकतेच पडले असेल, तर सभासदांना मराठीत एसएमएस पाठवण्याची कला आपण आधी आत्मसात करावी. उद्या टाकी धुवायची आहे आणि सकाळी नळ कोरडे राहणार आहेत, ही बातमी सरळ सांगणे कोणालाही जमते. ती ऐकून सभासदांनी निर्धास्तपणे पिंप रिकामेच ठेवावे, ही किमया साधायला मात्र थोडे गणित यावे लागते.

ते गणित असे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरे ७ बिटांत बसत असल्याने त्यांना १६० जागा मिळतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागत असल्याने आपल्या वाट्याला ७० जागा येतात. त्यांत मोकळ्या जागा धरल्या जातात, काने-मात्रा धरल्या जातात आणि जोडाक्षरातला हलन्तही सुटत नाही. डोळ्यांना ‘ण्या’ हे एकच अक्षर दिसते, यंत्र मात्र त्याचे चार तुकडे मोजते. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे भाग पडतात, भाग जुळवण्याची खूण प्रत्येकात घालावी लागल्याने दर भागात ६७ च चिन्हे उरतात आणि प्रत्येक भागाचे पैसे वेगळे लागतात. म्हणून एकगठ्ठा संदेश पाठवण्याच्या सोयीत ‘एका भागापुरताच मजकूर पाठवावा, उरलेला कापावा’ असा पर्याय दिसला, तर संस्थेच्या निधीचे विश्वस्त या नात्याने आपण तो तत्काळ निवडावा.

आता मजकूर लिहावा: ‘आदरणीय सभासद, टाकी धुण्याच्या कामामुळे उद्या सकाळी पाणी सोडण्यात येणार नाही.’ शंका असल्यास बोटांवर मोजून पाहावे. ‘येणार’मधला ‘र’ बरोबर सत्तराव्या जागी पडतो. सभासदांच्या हाती जाते ते ‘उद्या सकाळी पाणी सोडण्यात येणार’, आणि तेही तीन टिंबांशिवाय, कारण टिंबे पडद्यावर जागा अपुरी पडल्यावर मोबाइल स्वतः घालतो. पाठवतानाच तुटलेल्या वाक्याचा त्याला पत्ताही नसतो. टाकी धुण्याच्या कामामुळे पाणी का सोडतील, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक सभासदाला पडेलही, परंतु टाकी धुऊन झाली असेल, आता ताजे पाणी सोडतील, असे उत्तर तो स्वतःच शोधून काढील. मुंबईकर पाण्याच्या बाबतीत मुळात आशावादी असतो.

यात सर्वांत मोलाची कामगिरी ‘आदरणीय’ या शब्दाची आहे. तो आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून ७ जागा खर्च होतात. संपूर्ण संदेश ७६ चिन्हांचा आहे. आदर वगळला तर तो ६९ मध्ये, ‘नाही’ आणि पूर्णविरामासकट, बसतो. तेव्हा कोणी ‘नुसते सभासद म्हणा’ असे सुचवले, तर त्याच्या संस्कारांविषयी बैठकीत जाहीर चिंता व्यक्त करावी.

क्रियापद निवडतानाही जपावे. ‘पाणी वापरू नये’ असे लिहिले आणि ‘नये’ गळले, तर उरलेले ‘वापरू’ लंगडे दिसते आणि वाचणाऱ्याला काहीतरी तुटल्याचा वास येतो. ‘येणार नाही’, ‘मिळणार नाही’, ‘झाले नाही’ यांचे तसे नाही. शेपूट गेले तरी वाक्य ताठ मानेने उभे राहते आणि नेमके उलटे बोलते. ‘उद्या सकाळी पाणी बंद’ अशी सुरुवात चुकूनही करू नये, कारण मग पुढचे कितीही कापले गेले तरी अर्थ शाबूत राहतो. तुटलेला संदेश ओळखण्याची एकच खूण उरते, ती म्हणजे नसलेला पूर्णविराम. त्यासाठी एरवीच्या संदेशांतही आपण पूर्णविराम देण्याचे टाळावे, म्हणजे त्याची उणीव कोणाला जाणवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अंगाला साबण लावून उभे असतील, त्यांची लोकल निघून जाईल आणि पहारेकऱ्याला खालून ‘पंप चालू कर’ अशा हाका ऐकू येतील. टाकीत त्या वेळी दोन माणसे खराटे घेऊन उतरलेली असल्याने तो पंप चालू करणार नाही, आणि त्याचे हे ‘नाही’ कोणत्याही कात्रीत सापडणार नाही, हा या योजनेतला एकमेव कच्चा दुवा आहे.

तक्रार घेऊन कोणी आलेच, तर संगणकावरचा मूळ मजकूर उघडून दाखवावा. लिहिण्याच्या चौकटीत ‘नाही’ ठळकपणे उभे असतेच. कापाकापी नंतर होते. ‘पुढच्या वेळी आधी स्वतःच्या मोबाइलवर पाठवून पाहा’ असा आगाऊ सल्ला मिळेल, तेव्हा त्यासाठी एका जादा एसएमएसचा खर्च मंजूर करून घ्यावा लागेल आणि तो विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल, असे नम्रपणे कळवावे.