टाकीची उंची एवढंच मोजून मोटर घेऊ नका : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

"लिटर प्रति सेकंद गुणिले टाकीची उंची मीटरमध्ये, भागिले 75. जो आकडा येईल तेवढ्या एचपीची मोटर पुरते."

75 ने भागणं बरोबर आहे, पण त्यातून फक्त पाण्याला लागणारी ताकद निघते. शिवाय उंची जमिनीपासून नाही, विहिरीतल्या पाण्यापासून मोजायची. आपल्या खानदेशात चैत्र-वैशाखात विहिरी खोल जातात, म्हणून उन्हाळ्यातलीच पातळी धरावी.

समजा टाकी 18 मीटर उंच, उन्हाळ्यात पाणी 12 मीटर खाली आणि हवं सेकंदाला 5 लिटर. उभी चढण झाली 30 मीटर. आतून 75 मिलिमीटरची, 300 मीटर पीव्हीसी पाइपलाइन असेल, तर घर्षण, बेंड आणि व्हॉल्व्ह मिळून साधारण 8 मीटर धरा. हीच लाइन 50 मिलिमीटरची केली, तर तेवढ्याच पाण्याला पाइपमधलं घर्षण सातपट होतं, म्हणून पाइपात काटकसर महागात पडते.

चढण आणि घर्षण मिळून पंपाला पेलायची एकूण उंची, म्हणजे हेड, 38 मीटर. 5 गुणिले 38 भागिले 75, म्हणजे सुमारे 2.5 एचपी. पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली की शाफ्टवर 4.2 एचपी लागतात. त्यावर 15 टक्के राखीव ठेवून 5 एचपीची मोटर. मोटरच्या पाटीवरची एचपी शाफ्टवर मिळणारीच असते, त्यामुळे मोटरची कार्यक्षमता इथे पुन्हा भागायची नाही. ती वीजबिलात दिसते.

मेसेजच्या हिशोबाने इथे 1.2 एचपी येते. 18 मीटर हेडसाठी निवडलेला पंप 30 मीटरवर बहुधा पाणी पोचवणारच नाही. मोटर फिरेल, टाकी कोरडी आणि पंप गरम. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा हिशोब द्या.