बेअरिंगचा भाव आणि फाइन-ट्यूनिंगचा हट्ट

"मॉडेलला आपला धंदा शिकवायचा तर स्वतःच्या डेटावर फाइन-ट्यूनिंग हाच खरा मार्ग. प्रॉम्प्ट म्हणजे जुगाड, रिट्रीवल म्हणजे टेकू."

एआय मॉडेलबद्दल असं नेहमी ऐकू येतं. मीही हेच मानायचो. आम्ही तिघं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बेअरिंगच्या दुकानासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चौकशांना उत्तर देणारी सोय करत होतो. हाताशी चारशेक जुन्या चौकशा आणि एक दरपत्रक. आधी फाइन-ट्यूनिंगच केलं, म्हणजे तयार मॉडेलला या चौकशांवर आणखी ट्रेनिंग दिलं. मॉडेल बोलायला हुबेहूब दुकानदार झालं, "माल हाय, या की घेऊन". भाव मात्र जुना, नाहीतर भलत्याच नंबरचा सांगायचं, तोही ठासून. एवढ्या उदाहरणांतून बोलण्याची ढब उचलली जाते. एक-दोनदा दिसलेला आकडा पक्का बसत नाही. बसलाच, तर दर बदलला की पुन्हा ट्रेनिंग.

जुगाडाचं म्हणाल, तर आमचं पत्रक २४० ओळींचं. ओळीला ३० टोकन, म्हणजे मॉडेल वाचतं ते शब्दांचे तुकडे, धरले तरी ७,२००. अख्खं पत्रक प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दर वेळी द्यायच्या मजकुरात, टाकलं आणि भावांची चूक जवळपास मिटली. दर बदलला की फाइल बदलायची, झालं. दर वेळी सुरुवातीचा मजकूर तोच असल्यानं, तो साठवून पुन्हा वापरण्याची, म्हणजे कॅशिंगची सोय असेल तिथे खर्चही कमी येतो.

पुढे सगळ्या कंपन्यांचे कॅटलॉग आले, हजारो ओळी झाल्या, तेव्हा रिट्रीवल घेतलं, म्हणजे आधी लागतील त्या ओळी शोधून तेवढ्याच मॉडेलला द्यायच्या. इथे आम्ही खरे आपटलो. गिऱ्हाइकानं `6205` मागितलं की शोध `6206` आणायचा. मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून जवळचं शोधणाऱ्या एम्बेडिंगला दोन्ही सारखेच वाटतात, पण एकाचं भोक २५ मिमी, दुसऱ्याचं ३०. शाफ्टवर खुळखुळणार! एम्बेडिंगच्या जोडीला साधा शब्दशोध लावला, तेव्हा नंबर नेमका सापडू लागला. दुसरी खोट तुकडे पाडण्यातली: तक्त्याचं शीर्षक वर राहायचं आणि आकडे पोरके व्हायचे. प्रत्येक ओळीला शीर्षक पुन्हा जोडलं.

दोष कुठला, हे ओळखायला ५० खरे प्रश्न वहीत काढले आणि आधी एवढंच पाहिलं, की वरच्या पाच निकालांत बरोबर ओळ आली का. ओळच आली नसेल तर दोष शोधाचा. उत्तर देणारं मॉडेल कितीही फाइन-ट्यून करा, ओळ येणार नाही. ओळ येऊनही उत्तर चुकलं, तर प्रॉम्प्ट बघायचा.

फाइन-ट्यूनिंगला जागाच नाही असं नव्हे. "पंचवीसच्या शाफ्टला, रबर सीलचं, दोन नग" यातून माप, सील आणि नग वेगळे काढणं, हे काम ठरीव साच्याचं. दिवसाला हजारो चौकशा येत असतील, तर लहान मॉडेल त्यासाठी घडवणं स्वस्त पडू शकतं. आमच्याकडे दिवसाला ऐंशी येतात, त्यामुळे प्रॉम्प्टमधली बारा उदाहरणं पुरतात. चुकलेले निरोप वहीत जमवतोय, कधी ट्रेनिंग करायचंच झालं तर उदाहरणं तिथूनच घेऊ.